आजीची गुलाबी गोळी हिरवी झाली : कथेतला औषधांचा भाग पटतो का?

रामबागकर
मंडळी, एक लघुकथा लिहितोय. खर्डा खाली देतो. भाषेची चिरफाड नंतर करा, आधी औषधांचा भाग पटतो का ते सांगा. इथे दवा बाजारातले लोक आहेत, रुग्णालयातले आहेत, म्हणून विचारतोय.

«रामबागेतल्या आजींच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात गोळ्यांचे तीन पत्ते. गुलाबी पोह्यांआधी, पांढरी पोह्यांनंतर, पिवळी रात्री दुधावर. नावं आजींना ठाऊक नाहीत आणि त्यांचं अडलंही नाही. गुलाबी साखरेची, पांढरी बीपीची, पिवळी चरबीची.

शनिवारी नातवाने मेडिकलवरून पिशवी आणली, "आजी, गोळ्या ठेवल्यात गं," म्हणत ओट्यावर ठेवली आणि क्लासला पळाला. आजींनी पिशवी उघडली. पांढरा पत्ता होता, पिवळा होता. गुलाबी नव्हता. एक हिरवा होता. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, साखर जरा वर आहे, बघू. हे ते बघणं असणार. जुन्या पत्त्यात गुलाबी पाच उरल्या होत्या आणि त्या बंद करा असं कोणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी एकादशी. आजींनी आठ वाजता गुलाबी घेतली, हिरवी घेतली, अर्धा कप चहा घेतला, थोड्या वेळाने पांढरी घेतली. साडेअकराला नातू उठून आला तर आजी ओट्याशी उभ्या. "गॅस कोणी नेला रे?" हात थरथर कापत होते, छाती धडधडत होती. नातवाने बीपी मोजलं, ते ठीक. मग काय सुचलं कोण जाणे, साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांत आजी म्हणाल्या, "उपासाला काय पाजलंस मेल्या?" आणि दोघं हसले.»

इथे कथा संपते. गुलाबी आणि हिरवी दोन्ही ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, फक्त कंपनी वेगळी, असं डोक्यात आहे. पांढरी मेटोप्रोलॉल.

मालवी मिरची
औषधाचं माहीत नाही, पण एकादशी साफ चुकली. एकादशी अन् दुप्पट खाशी! इंदूरच्या आजी एकादशीला अर्ध्या कप चहावर राहतात होय? साबुदाण्याची खिचडी, वर शेव नसली तरी फराळी मिक्स्चर, वर बटाट्याचा कीस. साखर खाली कशाला जाईल, छताला लागेल.

दवाबाजारी
मिरचीताईंनी गमतीत बरोबर जागा पकडलीय. तिथूनच सुरू करतो.

पोटभर जेवणाऱ्या माणसाने एक दिवस एकच्या जागी दोन मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड घेतली तर बऱ्याचदा काही कळतही नाही. दोन मिलिग्रॅम हा नेहमीच्या मात्रांतलाच आकडा आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. म्हणून घात होतो तो मात्रा वाढली आणि जेवण चुकलं, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की. वयाने मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर गोळीचा परिणाम जास्त रेंगाळतो, ही तिसरी गोष्ट. तुमच्या कथेत पहिल्या दोन आहेत, तेव्हा प्रसंग पटतो. पण आजी निर्जळ नाही तरी निदान खिचडीशिवायची एकादशी करतात, हे एका वाक्यात आधी पेरा. नाहीतर वाचक मिरचीताईंसारखं हसेल.

वेळ चांगली साधलीय. या गोळीचा जोर साधारण दोन-तीन तासांनी चढतो. आठ वाजता घेतली, साडेअकराला घोटाळा, हे जमतं.

आता जे मला खटकलं ते. तुम्ही हिरवी एक मिलिग्रॅमची धरलीत. ग्लिमेपिराइडचे बरेच ब्रँड मात्रेनुसार रंग बदलतात आणि कित्येकांत एकची गुलाबी नि दोनची हिरवी असते. म्हणजे गुलाबीच्या जागी हिरवी दिसली की माझ्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न कंपनीचा येत नाही, मात्रेचा येतो. नातवाने पत्ता उलटा करून "ग्लिमेपिराइड टॅब्लेट्स" या ओळीखालचा मिलिग्रॅमचा आकडा बघितला असता तर खुलासा झाला असता. तो दोन निघाला तर आजींनी त्या दिवशी तीन मिलिग्रॅम घेतली. कथेला हे जास्त धारदार होईल, असं माझं मत.

सुदामानगरकर
रंग ठरलेले असतात ना पण? बीपीच्या पांढऱ्या, साखरेच्या गुलाबी, कॅल्शियमच्या मोठ्या. सरकारी नियम असणार त्याचा. दुकानदाराने हिरवी दिली म्हणजे औषधच दुसरं दिलं. कथेत दुकानदाराला धरा की.

दवाबाजारी
नाही हो, असा नियम आपल्याकडे नाही. रंग कंपनी निवडते. तोच रेणू एक कंपनी पांढरा काढते, दुसरी पिवळा. पत्त्याच्या मागे बारीक अक्षरात रंगाचं नावही असतं, लाल किंवा पिवळा आयर्न ऑक्साइड वगैरे. तो रंग गोळीवर चढवलेला आहे, औषधाचा नव्हे. बीपीच्या बऱ्याच गोळ्या पांढऱ्या असतात खऱ्या, पण तशाच थायरॉइडच्याही असतात आणि ॲसिडिटीच्याही.

तरी तुमचं अर्धं बरोबर आहे. *एकाच* कंपनीत मात्रेप्रमाणे रंग ठरलेला असतो. आजींचं शास्त्र म्हणूनच इतकी वर्षं चालतं. त्यांचं गणित चूक नसतं, दुकान बदलेपर्यंत ते बिनचूक असतं.

लेस्टरवासी
मूळ गाव इंदूर, जेल रोड. रंग ठरवून दिले तरी प्रश्न सुटत नाही, त्याचं एक उदाहरण देतो. रक्त पातळ ठेवायच्या वॉरफेरिनला इथे ब्रिटनमध्ये मात्रेनुसार रंग आहेत, कंपनी कुठलीही असो : १ तपकिरी, ३ निळी, ५ गुलाबी. अमेरिकेतही असेच रंग ठरलेले आहेत, पण तिथे गुलाबी म्हणजे १ मिलिग्रॅम. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या इथल्या आजींनी "माझी गुलाबी संपली, आण" असं सांगितलं तर पाचाच्या जागी एक हातात पडेल.

रामबागकर
बाप रे. हे तर माझ्या कथेहून भारी आहे. दवाबाजारी, तीन मिलिग्रॅमचं घेतो. पण मग नातवाला दोष जातो, तो मला नको होता.

माई_लोकमान्यनगर
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. सासूबाईंची साखरेची गोळी एका बाजूने पांढरी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबीसर आहे. त्या म्हणतात रंग उडालाय, खराब झाली, परत दे. मेडिकलवाला म्हणतो अशीच असते. पत्त्यावर नावापुढे एम २ लिहिलंय. मेटफॉर्मिन दुप्पट केली का डॉक्टरांनी? खराब असेल तर परत घेतात का?

दवाबाजारी
मेडिकलवाला बरोबर आहे, परत करू नका. ती दुपदरी गोळी असते. एका थरात ग्लिमेपिराइड, ती लगेच सुटते. दुसऱ्या थरात मेटफॉर्मिन, ती हळूहळू सुटते. म्हणून एकाच थराला रंग दिलेला असतो. रंग उडाला तर डाग-डाग, चट्टे दिसतात, अशी अर्ध्यावर सरळ रेघ येत नाही. ही गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, सावकाश सुटायचा थर तुटला की मेटफॉर्मिन एकदम बाहेर येते.

एम २ चा अर्थ बहुतेक ब्रँडांत मेटफॉर्मिन दुप्पट असा नसतो. तो आकडा ग्लिमेपिराइडचा. आधी एम १ असेल आणि आता एम २ आली असेल तर इन्सुलिन सोडायला लावणारा भाग वाढलाय, मेटफॉर्मिन बहुधा तेवढीच आहे. दोन्ही पत्ते शेजारी धरा आणि घटकांच्या दोन ओळी वाचा. फरक असेल आणि चिठ्ठीवर तसं नसेल तर आजची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

माई_लोकमान्यनगर
वाचलं. आधीच्या पत्त्यावर एम १ होतं. चिठ्ठीवरचा आकडा मला एकही वाटतो आणि दोनही. फोन लावते.

मालवी मिरची
डॉक्टरांचं अक्षर, म्हणजे प्रश्नच मिटला.

नेत्रा_व
डोळ्यांच्या बाजूने थोडं, कारण "रंगाने ओळखते" यातला रंग आजींना कसा दिसतो हे कथेत कुठेच नाही.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत जास्तच. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. त्यामुळे फिकट पिवळी आणि पांढरी गोळी जवळजवळ एकसारखी दिसते, निळी आणि हिरवी एकमेकींत मिसळतात. गुलाबी त्या मानाने टिकून राहते. तुमच्या आजींचा खरा धोका पांढरी आणि पिवळी यांच्यात आहे, गुलाबी-हिरवीत नाही. बाकी घोटाळा त्या वेळेने टाळत असणार, एक सकाळची आणि एक रात्रीची.

दुसरं म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते झाल्यावर पांढरं एकदम पांढरंशुभ्र आणि निळं झगझगीत दिसायला लागतं. तेव्हा कंपनी न बदलताही आजी म्हणतात, "ही माझी गोळी नव्हे." घरचे म्हणतात भ्रम झाला. भ्रम नसतो तो. एका डोळ्याचं झालं असेल तर दोन डोळ्यांनी दोन रंग दिसतात. एकेक डोळा झाकून तीच गोळी दाखवली की लगेच कळतं.

ओट्यावरचा दिवा पिवळा असेल तर हे सगळं आणखी बिघडतं. गोळ्या खिडकीशी दिवसाच्या उजेडात वेगळ्या करायच्या.

सुदामानगरकर
तरी दुकानदार सुटतो कसा? चिठ्ठीवर एक ब्रँड आणि देतो दुसरा.

दवाबाजारी
इथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ (११ अ) हेच सांगतो : चिठ्ठीवरच्या, म्हणजे अनुसूची एच वगैरेतल्या औषधाच्या जागी दुकानदाराने दुसरं द्यायचं नाही, आतला घटक तोच असला तरी. प्रत्यक्षात माल नसला की "सेम है भिया, कंटेंट देख लो" होतं, हे काय मी वेगळं सांगू. मात्र डॉक्टरांनी नुसतं औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल तर कुठल्याही कंपनीचं देता येतं. मग दर महिन्याला रंग बदलू शकतो आणि कुणाचीच चूक नसते.

रघू_राजेंद्रनगर
म्हणूनच जेनेरिक नको. स्वस्तात आजीचा जीव जातो.

नेत्रा_व
रघू, कथेतल्या दोन्ही गोळ्या ब्रँडच्याच आहेत. घोटाळा बदलामुळे झाला, स्वस्तामुळे नाही. जनऔषधी केंद्रातून दर महिन्याला तोच पत्ता आला तर तिथेही रंग तोच राहील.

रघू_राजेंद्रनगर
राहील याची खात्री कोण देतं? तिथे पुरवठादार बदलला की पत्ता बदलतो. मी काही मत बदलत नाही.

सिस्टर_जोशी
कथेचा शेवट बदला. औषधाच्या बाजूने तोच सगळ्यात कच्चा आहे.

एक म्हणजे थरथर आणि धडधड. आजींनी पांढरी मेटोप्रोलॉल घेतलीय. ती गोळी नेमकी हीच दोन लक्षणं दाबते. साखर पडलेली असते आणि हात स्थिर असतात, नाडीही शांत. घाम मात्र दाबला जात नाही. तेव्हा आजींचा पदर मानेपाशी ओला दाखवा, कपाळ गार दाखवा आणि हात स्थिर ठेवा. "गॅस कोणी नेला" ठेवा, फार बरोबर आहे ते. म्हातारपणी साखर उतरली की माणूस आधी असंबद्ध बोलतं, चिडतं किंवा नुसतं गप्प बसतं. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला किंवा अर्धांगाचा झटका आला.

दोन म्हणजे नातू बीपी मोजतो हे खरं वाटतं, सगळे तेच करतात. पण त्या यंत्राला यातलं काही कळत नाही. ग्लुकोमीटर घरात असेल तर तो. सत्तरच्या खाली आकडा आला की साखर द्यायची, चोपन्नच्या खाली असेल तर प्रकरण गंभीर. यंत्र नसेल तर मोजायच्या नादी न लागता साखर द्यायची. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, माणूस शुद्धीवर आहे आणि नीट गिळतंय एवढं बघून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सरळ रुग्णालय.

तीन, आणि हे महत्त्वाचं. दहा मिनिटांत आजी बऱ्या झाल्या नि दोघं हसले, इथे थांबू नका. साखरेचं पाणी तासाभरात जिरतं, ग्लिमेपिराइड दिवसभर काम करत राहते. दुपारी दोनला आजी झोपल्या असं सगळ्यांना वाटेल आणि ती झोप नसेल. या गोळीने साखर उतरली की भात-पोळी काहीतरी खायला घालून दवाखान्यात न्यायचं, तिथे कित्येक तास नजरेखाली ठेवतात. वयस्कर माणसाला तर भरतीच करतात बऱ्याचदा.

मालवी मिरची
सिस्टर, साखरेच्या पाण्याऐवजी जलेबी चालेल का? इंदूर आहे म्हणून विचारते.

सिस्टर_जोशी
दुसरं काहीच नसेल तर चालेल. पण तुपात तळलेली आहे, तुपाने साखर उशिरा जिरते. पेढ्याचं, चॉकलेटचं तेच. आधी साखरेचं पाणी, मग पोहे, जलेबी सिस्टरला.

रामबागकर
शेवट पुन्हा लिहितो. दुपारचे दोन डोक्यात बसलेत आता.

आणखी एक विचारतो. नातू शहाणा असता तर शनिवारी पिशवी देताना त्याने नेमकं काय केलं असतं? "पत्ता नीट बघ" एवढ्याने कथेत भागत नाही, हात दिसले पाहिजेत.

दवाबाजारी
हात दाखवायचे तर असं. जुना गुलाबी पत्ता आणि नवा हिरवा, दोन्ही पालथे घालून शेजारी ठेवतो. ब्रँडचं नाव बघतच नाही. २०१८ पासून आपल्याकडे औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं, ती ओळ शोधतो. नाव तेच का, मिलिग्रॅम तेच का, पुढे सावकाश सुटणाऱ्या गोळीचं एसआर किंवा मेटफॉर्मिनचं एम असं शेपूट लागलंय का, हे तीन वेळा बोट ठेवून. जुळलं तर उरलेल्या गुलाबी पाच *आधी* संपवायच्या आणि हिरवा पत्ता तोवर डब्याबाहेर, कपाटात. डब्यात एका वेळी एकच पत्ता असला की दोन्ही घेतल्याच जात नाहीत. बाकी सगळं विसरला तरी नातवाने एवढं करावं.

गुलाबी संपली की रिकामा पत्ता फेकायचा नाही. त्याचा तुकडा हिरव्याला रबराने बांधून आजींना दाखवायचा, "या गुलाबीच्या जागी ही. गुलाबी आता नाही." आणि आजींकडून उलट म्हणवून घ्यायचं. "कळलं ना?" ला कुठलीही आजी हो म्हणते.

सिस्टर_जोशी
मी तर म्हणेन रंगाची सवयच मोडा. सात दिवसांचा कप्प्यांचा डबा आणा, रविवारी मुलगी किंवा सून भरेल. आजींनी नुसता वार आणि वेळ बघायची.

नेत्रा_व
पटत नाही. रंग ही आजींची स्वतःची तपासणी आहे. कप्पा दुसऱ्याने भरला आणि भरणाऱ्याने चूक केली तर आजी मुकाट गिळतील. आज हिरवी दिसल्यावर त्या निदान विचारात तरी पडल्या. विचार चुकला, पण पडल्या. डबा आणा, पण रंग विचारायची सवय राहू द्या.

दवाबाजारी
डब्याला माझी अडचण वेगळी आहे. काही गोळ्या पत्त्याबाहेर काढल्या की पावसाळ्यात दमट होतात. फिटच्या औषधातलं व्हॅल्प्रोएट तर पाणी ओढून घेतं, चिकट होतं. अशा गोळ्या पत्त्याचा चौकोन कापून, पन्नीसकट कप्प्यात टाकायच्या. फक्त कापताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवायचं. आणि पन्नीसकट ठेवलेली गोळी पन्नीसकट गिळणारी माणसं असतात, कडा धारदार असतात, म्हणून सोलून देणारं कुणीतरी लागतंच. सिस्टर आणि नेत्राताईंचं भांडण मी मिटवू शकत नाही, घरात कोण आहे त्यावर आहे ते.

लेस्टरवासी
अमेरिकेतला एक अभ्यास आठवतो, २०१४ चा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण होते. गोळीचा रंग बदलल्यावर औषध मध्येच सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढली होती, आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी. म्हणजे काही लोक आजींसारखे दोन्ही घेत नाहीत, औषधच सोडून देतात. रामबागकर, ती वेगळीच कथा होईल. तीत रविवारी काहीच घडत नाही, तीन महिन्यांनी घडतं.

सुदामानगरकर
आकाराचं जास्त? रंगाचं जास्त असायला हवं ना?

लेस्टरवासी
आकडे असे आहेत. का ते मला विचारू नका.

माई_लोकमान्यनगर
फोन लागला. चिठ्ठीवर एकच होता, दुकानातून दोनची आली. आजची गोळी दिली नव्हती, डॉक्टर म्हणाले जुन्या पत्त्यातली द्या. पत्ता बदलून आणायला मुलाला पाठवलंय, बिल सापडत नाहीये. बिलाशिवाय घेतात का कुणी सांगेल?

दवाबाजारी
पत्ता कापलेला नसेल तर घ्यायला हवा, चूक त्यांची आहे. चिठ्ठीचा फोटो दाखवा आणि बॅच नंबर त्यांच्या संगणकात शोधायला सांगा, बिल तिथे निघतं. नाही म्हणाले तर पत्ता घरात ठेवू नका, सासूबाईंच्या डब्यात तर मुळीच नाही.